एक टेक्श्चर बदललं आणि २० जीबीचा पॅच आला

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटवर धाकट्या भावाने दोन दिवस आधीच गेम प्रीलोड करून ठेवलेला, रिलीजच्या रात्री बघतो तर अजून २० जीबीचा अपडेट. "दादा, मग आधी उतरवलं ते काय होतं?" प्रश्न बरोबरच होता त्याचा.

डिस्कवर जाणारी गेम रिलीजच्या काही आठवडे आधीच फायनल करून कारखान्यात पाठवावी लागते, टीम मात्र तोवर बग काढतच असते, आणि त्या आठवड्यांतलं काम म्हणजे डे-वन पॅच. पण बग छोटे असले तरी पॅच एवढा का फुगतो?

गेममधले हजारो टेक्श्चर, आवाज, मॉडेल एकेका मोठ्या पॅक फाइलमध्ये कोंबलेले असतात. आपण ज्या अ‍ॅपवरून गेम उतरवतो ते स्टीम ही फाइल साधारण १ एमबीच्या तुकड्यांत बघतं आणि बदललेलेच तुकडे पाठवतं. आता समजा २० जीबीचा पॅक आहे, आत साधारण एकेक एमबीच्या २० हजार वस्तू, आणि प्रत्येकीसोबत तिचा पत्ता लिहिलाय की मी फाइलमध्ये अमुक ठिकाणी आहे. पहिलं टेक्श्चर थोडं मोठं झालं की बाकीच्या सगळ्या पुढे सरकतात, रांगेत पुढे एक जण घुसला की मागच्या सगळ्यांचे टोकन नंबर बदलतात ना, तसं. प्रत्येक पत्ता बदलला म्हणजे जवळपास प्रत्येक तुकडा बदलला, की आले २० जीबी! तेच सगळे पत्ते एका यादीत सुरुवातीला ठेवले असते तर दोन-चार तुकड्यांत काम झालं असतं. अख्खा पॅक एकत्र कॉम्प्रेस केला तरी हेच होतं, म्हणून मला वाटतं पॅक नीट बांधणं ही गेम बनवणाऱ्यांचीच जबाबदारी आहे.

आता आपल्या बाजूने. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी, तर २० जीबीला तासाभरापेक्षा थोडं जास्त. पण लिमिट संपून स्पीड २ एमबीपीएसवर आला की तेच बावीस तास, आणि रोज दीड जीबीच्या मोबाइल डेटावर तेरा-चौदा दिवस. स्टीमच्या Settings मध्ये Downloads खाली `Schedule auto-updates` आहे, तिथे रात्रीची वेळ लावा.

आम्ही त्या रात्री वेगळंच केलं. खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे तीच गेम अपडेट होऊन बसलेली, त्याला लॅपटॉप घेऊन वर बोलावलं, एकाच राउटरला दोघं जोडले, दोन्हीकडे `Game File Transfer over Local Network` चालू केलं. ही सोय २०२३ मध्ये आली. फाइली थेट लॅपटॉपवरून येतात, डेटा लिमिटमधून जवळपास काही जात नाही, केबलने जोडलं तर अजून फास्ट.

शेवटी भाऊ घाबरला, नेटवर्कचा आकडा शून्य, अपडेट अडकला म्हणे. अडकला नव्हता, डिस्कचा आकडा हलत होता. स्टीम जुन्या पॅकशेजारी नवा पॅक बांधत असतं, त्यामुळे २० जीबीच्या पॅकला तेवढीच मोकळी जागा आधी लागते, आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर यालाच डाउनलोडपेक्षा जास्त वेळ जातो. तेव्हा कॅन्सल करू नका.