कोविडोत्तर केसगळती

करोना विषाणूच्या संसर्गानंतर साधारणपणे दोन ते तीन महिन्यांनी डोक्यावरील केस एकाएकी मोठ्या प्रमाणावर गळू लागण्याची तात्पुरती अवस्था. वैद्यकात तिला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतरही ती आढळते.

प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने वाढ थांबवून मुळाशी तसाच टिकून राहतो आणि मग गळतो. एरवी दहांतील एखादाच केस असा थांबलेला असतो. पण तीव्र तापात आणि शरीरातील दाहात पुष्कळ केसांची वाढ एकदमच थांबते. ते लगेच पडत नाहीत, आणि या मधल्या अंतरामुळेच कारण ओळखण्यात चूक होते.

समजा, कोल्हापुरातील एका शिक्षिकेला मे २०२१ मध्ये करोना झाला आणि आठ दिवस ताप होता. जूनमध्ये त्या बऱ्या झाल्या. जुलैअखेर शहराला महापुराने वेढले आणि ऑगस्टमध्ये फणीला मूठभर गुंतवळ येऊ लागले. अशा वेळी दोष पुरानंतरच्या पाण्याला किंवा नव्या शाम्पूला दिला जातो, वास्तविक तो मे महिन्यातील तापाचा असतो. गळालेला केस उजेडात धरला, तर मुळाच्या टोकाशी बारीक पांढरी गाठ दिसते. हा केस पूर्ण मुदत थांबून सुटला आहे आणि त्याचे मूळ शाबूत आहे, असा तिचा अर्थ. केस मधूनच तुटत असतील, तर कारण वेगळे असते.

दिवसाला शंभरापर्यंत केस जाणे स्वाभाविक मानतात. या अवस्थेत ते प्रमाण दोनशे-तीनशेवर जाऊ शकते. भीतीने न्हाणे लांबवले, तर सुटलेले केस साठतात आणि पुढच्या न्हाण्याला मोरीच्या जाळीत त्यांचा गोळा दिसून घबराट वाढते. म्हणून नेहमीप्रमाणेच न्हावे. गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत ओसरते आणि कपाळाच्या कडेने आखूड, उभे राहणारे नवे केस दिसू लागतात. मात्र केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढत असल्याने वेणी पूर्वीसारखी भरण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. या काळात टक्कल पडत नाही, हे घरच्यांनी रुग्णाला पुन्हापुन्हा सांगणे फार गरजेचे आहे.

चाईसारखे गोल गुळगुळीत चट्टे पडणे, भुवया विरळ होणे, टाळू लाल होऊन दुखणे, खपल्या किंवा पू येणे, ही लक्षणे या अवस्थेची नव्हेत. ती दिसताच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण टाळूवर व्रण राहिल्यास तेथे केस पुन्हा येत नाहीत. गळती सहा महिन्यांपलीकडे चालली, भांग रुंदावत गेला किंवा थकवा व पाळीतील अनियमितता सोबत असली, तर हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घेतात. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्यास ते तपासणीआधी डॉक्टरांना सांगावे. त्यांमुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो.