आकार तोच, पितळ मात्र गायब

पाणी बंद करायला गेट व्हॉल्व्हचं चाक फिरवलं, तर ते फिरतच राहिलं. ना घट्ट झालं, ना पाणी थांबलं. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आतली पितळी दांडी पाणी अडवणाऱ्या पाचरीजवळ तुटलेली दिसली. तुटलेल्या टोकाला मधोमध पिवळा ठिपका होता आणि त्याभोवती विटकरी रंगाचं, निस्तेज कडं. नखाने खरवडलं तर त्या कड्याची भुकटी निघाली. दांडीची जाडी मात्र मोजली तर नव्यासारखीच, ८ मिलिमीटर. आटेही शाबूत.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नळजोडण्यांचं साधं पितळ बहुधा साठ-चाळीसच्या आसपासचं असतं, शिवाय ते कातायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात. यातलं जस्त पाण्यात तांब्यापेक्षा कितीतरी लवकर विरघळतं. काही पाणी ते अक्षरशः शोषून घेतं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. यालाच डिझिंकिफिकेशन म्हणतात. लोखंड गंजलं की फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणजे ते निदान कळतं तरी. इथे आकार जागच्या जागी राहतो, म्हणून फसगत होते.

सांगाडा किती पोकळ? एक घन सेंटिमीटर पितळाचं वजन साधारण ८.४ ग्रॅम. त्यातलं ४० टक्के जस्त पूर्ण निघून गेलं तर ५ ग्रॅम तांबं उरतं, आणि तेवढं तांबं जेमतेम ०.५६ घन सेंटिमीटर जागा व्यापतं. बाकीची ४४ टक्के जागा रिकामी! असा धातू ताण सोसत नाही, आणि त्यातून पाणीही झिरपतं.

आता ती दांडी पुन्हा पाहू. मधला पिवळा गाभा ४ मिलिमीटरचा, म्हणजे व्यास निम्मा. पण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर ठरते, त्यामुळे ती एक-अष्टमांशावर आली होती. चाक जोर लावून फिरवणाऱ्याला हे कळणार कसं? म्हणूनच वर्षानुवर्षं न हललेला जुना व्हॉल्व्ह पाना लावून फिरवू नये. आधी मागून पाणी बंद करण्याची सोय आहे का, ते पाहावं.

कुठलं पाणी जस्त जास्त ओढतं? क्लोराइड भरपूर आणि बायकार्बोनेट कमी असलेलं. बायकार्बोनेट धातूवर टिकाऊ थर बसायला मदत करतं, क्लोराइड तो टिकू देत नाही. पाणी गरम असेल किंवा दिवसेंदिवस साचून राहत असेल, तर काम आणखी लवकर होतं. पाणी मृदू आणि पीएच आठच्या वर असला, तर निघालेलं जस्त पांढऱ्या, फुगीर लगद्यासारखं साचतं आणि व्हॉल्व्हची वाटच बुजवतं.

व्हॉल्व्हच्या अंगावर हे बाहेरून उशिरा दिसतं, कारण पाणी आतून पोखरत येतं. त्यामुळे डाग कुठे आहे ते महत्त्वाचं. जोडावर, आट्यांपाशी पांढरा थर असेल तर कदाचित नुसता जोड पाझरत असेल. पण जोडापासून दूर, सपाट अंगावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला आणि पुसल्यावर पुन्हा आला, तर तिथे पाणी भिंत ओलांडून बाहेर आलंय असं समजावं. तो थर क्षारांचा की जस्ताचा हे व्हिनेगर टाकून ठरवायला जाऊ नका. बुडबुडे दोन्हींवर येतात.

खात्री करायची तर भाग उतरवून, आणि उतरवलेल्याच भागावर. दाबाखालच्या व्हॉल्व्हवर कानस चालवली तर उरलीसुरली भिंतही जाईल. आतल्या बाजूला कानशीचे दोन-चार हात मारा. लगेच पिवळं दिसलं तर लाली वरवरची होती. आम्लाने धुतलेल्या पितळावरही तशी पातळ झाक येते. खाली लालच लागत गेलं तर करवतीने कापून पाहा, पिवळी भिंत किती उरलीय ते स्पष्ट दिसेल. मात्र गनमेटल, म्हणजे तांबं आणि कथिलाचं मिश्रण, मुळातच तांबूस असतं, ते सरसकट लाल दिसतं. पिवळ्या-लालची सीमारेषा दिसते ती पोखरलेल्या पितळातच. आणि धातू पिवळाधमक असूनही भेग पडली असेल तर तो बहुधा वेगळाच आजार, ताण आणि अमोनियासारख्या रसायनांचा.

बदली भाग घेताना डीझेडआर, म्हणजे डिझिंकिफिकेशनला दाद न देणारं, पितळ मागावं. त्यात किंचित आर्सेनिक असतं, साधारण ०.०२ ते ०.१५ टक्के. पण आर्सेनिक वाचवतं ते पितळातल्या कमी जस्ताच्या अल्फा कणांना. जास्त जस्ताचे बीटा कण तसेच उघडे पडतात आणि जस्त आधी तिथूनच निघतं. म्हणून असं पितळ घडवल्यावर ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला काही वेळ तापवतात, म्हणजे बीटा बराचसा अल्फात बदलतो. तपासणीत तुकडा १ टक्का क्युप्रिक क्लोराइडच्या द्रावणात ७५ अंशांवर २४ तास बुडवतात आणि किती खोलवरचं जस्त निघून गेलं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

निकेल किंवा क्रोमचा मुलामा या कामाला निरुपयोगी. तो बाहेरून असतो, पाणी आतून.