सहकार्य-कराराचे समतोल पुनर्लेखन

दोन संस्थांमधील चालू करारात जबाबदाऱ्या, बौद्धिक संपदेचे हक्क आणि मुदत या तीन गोष्टी दोघांना एकच माप लावून पुन्हा लिहिण्याची प्रक्रिया. महाविद्यालय आणि शेतकरी संस्था यांच्यातील असे करार बहुधा ‘सामंजस्य करार’ या नावाने होतात. बोलण्यात ‘एमओयू’ हाच शब्द चालतो.

सामंजस्य करार बंधनकारक असतो का, याविषयी मतभेद आहेत. तो केवळ इराद्याचे निवेदन होय, असे एक मत आहे. शीर्षकापेक्षा मजकूर आणि पक्षकारांचा हेतू पाहावा, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 29 नुसार ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार निरर्थक ठरतो. त्यामुळे ‘आवश्यकतेनुसार सहकार्य करील’ अशा वाक्यावर दावा उभा करणे अवघड जाते.

पुनर्लेखनाचा कायदेशीर परिणाम हाही वादाचा विषय आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 62 नुसार जुन्या कराराच्या जागी नवा करार केला, किंवा जुना करार रद्द केला अथवा बदलला, तर मूळ कराराची पूर्तता करावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये किशोरीलाल गुप्ता प्रकरणात म्हटले, की नव्या कराराने जुना करार पूर्णपणे संपला तर त्यातील लवादाचे कलमही त्याच्याबरोबर संपते. म्हणून काही बाबीच बदलायच्या असल्यास पुरवणी करार करणे बरे. संपूर्ण मसुदा नव्याने लिहिल्यास तोपर्यंतची देणी, निर्माण झालेले हक्क आणि लवादाची तरतूद यांचा त्यात स्पष्ट उल्लेख हवा.

नमुन्यादाखल सांगलीतील एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि हळद उत्पादकांची एक संस्था घेऊ. काम हळद वाफेवर शिजवण्याच्या यंत्राच्या सुधारणेचे. मूळ मसुद्यात ‘महाविद्यालय सर्व तांत्रिक साहाय्य देईल, संस्था शक्य ते सहकार्य करील’ असे होते. एका बाजूला ‘सर्व’ आणि दुसरीला ‘शक्य ते’: असमतोल या दोन शब्दांत आहे. तो ओळखायला वाक्यातील नावांची अदलाबदल करून पाहावी. तेच वाक्य आपल्या नावावर मान्य होत नसेल तर ते पुन्हा लिहावे. नव्या मसुद्यात महाविद्यालय 31 डिसेंबरपर्यंत आराखडे व चाचणीचे एक यंत्र देईल. संस्था फेब्रुवारीत 10 क्विंटल ओली हळद, इंधन आणि दोन कामगार पुरवील. प्रत्येक कामापुढे कोण, काय, कधी आणि कोणाच्या खर्चाने हे आले की दोन्ही बाजूंचे माप सारखे होते.

बौद्धिक संपदेत मात्र सारखे शब्द सारखे फळ देत नाहीत. ‘पेटंट दोघांचे संयुक्त’ हे वाक्य सर्वांत न्याय्य वाटते आणि तेच सर्वांत फसवे आहे. पेटंट अधिनियम, 1970 च्या कलम 50 नुसार, वेगळे ठरलेले नसेल तर प्रत्येक सहमालकाचा वाटा समान असतो. प्रत्येकाला ते पेटंट स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येते आणि दुसऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही. परवाना देण्यास मात्र इतर सहमालकांची संमती लागते. हळद संस्था यंत्र बनवून विकू शकते. महाविद्यालयाकडे कारखाना नाही, आणि संस्थेच्या संमतीवाचून ते कोणाला परवानाही देऊ शकत नाही. त्याच्या निम्म्या हिश्श्यातून व्यवहारात काहीच हाती लागत नाही. यासाठी प्रत्येक विक्रीमागे ठरावीक मोबदला, किंवा संस्थेने ठरावीक काळात उत्पादन सुरू न केल्यास तिसऱ्याला परवाना देण्यास आगाऊ संमती, यांपैकी एक तरी लिहावे. विद्यार्थी संशोधक असेल तर त्याच्याकडून लेखी हक्कहस्तांतरणही घ्यावे. तो महाविद्यालयाचा नोकर नसतो, आणि जे स्वतःकडे आलेच नाही ते महाविद्यालय वाटून देऊ शकत नाही.

मुदतीचा प्रश्न पिकाच्या वेळापत्रकाशी जोडलेला आहे. हळद साधारण आठ-नऊ महिन्यांची. सांगलीकडे तिची काढणी आणि शिजवणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात होते. एप्रिलमध्ये सही केलेल्या एक वर्षाच्या करारात शिजवणीचा एकच हंगाम मिळतो आणि यंत्रातील चूक सुधारून पुन्हा तपासायला वाव राहत नाही. त्यामुळे ‘सलग दोन शिजवणी हंगाम पूर्ण होईपर्यंत’ अशी मुदत वर्षांच्या आकड्यापेक्षा सोयीची. बाहेर पडण्याची सूचना दोघांना सारखीच, म्हणजे उदाहरणार्थ 60 दिवसांची असावी. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये ती लागू होऊ नये, नाहीतर आणून ठेवलेली ओली हळद कुजेल. पेटंटची मुदत अर्जापासून 20 वर्षे असल्याने मालकी आणि मोबदल्याची कलमे करार संपल्यानंतरही चालू राहतील, असे वेगळे लिहावे लागते. चाचणीचे यंत्र अखेर कोणाच्या आवारात राहील, हेही त्याच कलमात यावे.