मायार अभिक्रिया

मायार अभिक्रिया : ॲमिनो अम्ले (किंवा प्रथिनांतील मोकळे ॲमिनो गट) आणि ग्लुकोज, माल्टोज यांसारख्या क्षपणक शर्करा यांच्यात उष्णतेमुळे घडणारी अभिक्रियांची मालिका. तिच्यातून तपकिरी रंगद्रव्ये आणि वासाची शेकडो बाष्पनशील संयुगे तयार होतात. पावाचे कवच, भाजलेले मांस, भाजलेले कॉफीचे दाणे आणि माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेले धान्य यांचा रंग व स्वाद मुख्यत्वे या मालिकेतून येतो. नुसती साखर तापवल्याने होणारे कॅरमलीकरण हे हिच्याहून वेगळे आहे. त्याला ॲमिनो अम्लाची गरज नसते आणि बहुतेक शर्करांना त्यासाठी अधिक तापमान लागते. कापलेले सफरचंद काळे पडते ते एंझाइमांमुळे. त्याचाही या अभिक्रियेशी संबंध नाही. भाजताना या प्रक्रिया एकमेकींत मिसळतात, म्हणून जुन्या लेखनात त्यांची नावे बऱ्याचदा अदलाबदलीने वापरलेली आढळतात.

अभिक्रियेला नाव मिळाले ते ल्वी कामिय मायार (१८७८–१९३६) या फ्रेंच वैद्यक व रसायनशास्त्रज्ञावरून. मायार यांचा मूळ उद्देश अन्नाशी संबंधित नव्हता. सजीवांच्या शरीरात ॲमिनो अम्ले जोडली जाऊन प्रथिने कशी बनत असावीत, हा त्यांचा प्रश्न होता. ग्लिसरॉलच्या साहाय्याने ॲमिनो अम्ले जोडण्याचे प्रयोग केल्यावर त्यांनी ग्लिसरॉलच्या जागी शर्करा घेतली. ग्लुकोज आणि ग्लायसीन यांचा पाण्यातील विद्राव तापवताच तो पिवळा व नंतर गडद तपकिरी झाला आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला. हे निरीक्षण त्यांनी १९१२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि तपकिरी पदार्थांना ‘मेलॅनॉइडिन’ असे म्हटले.

या शोधाचे श्रेय मात्र निर्विवाद नाही. इंग्लंडमधील मद्यनिर्मितीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर लिंग यांनी १९०८ मध्येच, माल्ट भट्टीत सुकवताना येणारा रंग व वास हा प्रथिनांपासून सुटलेली ॲमिनो संयुगे शर्करांशी संयोग पावल्यामुळे येतो, असे म्हटले होते. या आधारावर काही लेखक पहिला मान लिंग यांना देतात. लिंग यांचे विधान काळाच्या दृष्टीने आधीचे आणि अन्नाच्या दृष्टीने अधिक नेमके आहे, हे मान्य करावे लागते. तरीही ते एका उद्योगातील प्रक्रियेचे स्पष्टीकरण होते. निरनिराळी ॲमिनो अम्ले व शर्करा घेऊन अभिक्रियेचा पद्धतशीर पाठपुरावा मायार यांनी केला, आणि हीच अभिक्रिया मातीतील ह्यूमसच्या निर्मितीतही महत्त्वाची असावी असेही सुचवले. त्यामुळे प्रचलित नाव कायम ठेवणे योग्य वाटते. मारिओ अमादोरी या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १९२०–३० च्या दशकात ग्लुकोज व ॲमिने यांच्यापासून मिळणाऱ्या पहिल्या स्थिर पदार्थांचा अभ्यास केला, आणि त्या टप्प्याला पुढे १९३७ मध्ये कून व वायगांट यांनी ‘अमादोरी पुनर्रचना’ असे नाव दिले. संपूर्ण मालिकेची सुसंगत रूपरेषा १९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉन हॉज यांनी मांडली, आणि आजचे विवेचन बहुतांशी तिच्यावरच आधारलेले आहे.

हॉज यांच्या रूपरेषेनुसार पहिल्या टप्प्यात शर्करेचा कार्बोनिल गट ॲमिनो गटाशी जोडला जातो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तयार झालेल्या संयुगाची अमादोरी पुनर्रचना होते. इथवर रंग नसतो आणि वासही जवळजवळ नसतो. दुसऱ्या टप्प्यात पुनर्रचित संयुग फुटते आणि अतिशय क्रियाशील असे लहान रेणू निर्माण होतात. ते उरलेल्या ॲमिनो अम्लांवर हल्ला करतात, तेव्हा ॲमिनो अम्ल कार्बन डायऑक्साइड गमावून आल्डिहाइडात रूपांतरित होते. या उपक्रियेला आडोल्फ श्ट्रेकर यांचे नाव आहे, कारण तिचे एक उदाहरण त्यांनी १८६२ मध्येच नोंदवले होते. मायार यांना दिसलेल्या वायूचा एक उगम इथे आहे. वासाचे वेगळेपणही इथेच ठरते : ल्यूसीनपासून माल्टसारखा वास येतो, मेथिओनीनपासून उकडलेल्या बटाट्यासारखा, तर फिनिलॲलानीनपासून मधासारखा. तिसऱ्या टप्प्यात हे सर्व तुकडे एकत्र येऊन मेलॅनॉइडिनांचे मोठे रेणू बनतात आणि रंग चढतो.

पावाच्या कवचाचा जो खास भाजका वास आहे, त्याचा मुख्य वाहक २-ॲसिटिल-१-पायरोलीन हे संयुग आहे. प्रोलीन आणि ऑर्निथीन यांच्यापासून ते तयार होते. पाण्यात त्याचे प्रमाण अब्जात एक भागाहून कमी असले तरी नाकाला ते जाणवते. ते टिकाऊ नसल्याने पाव ठेवल्यावर झपाट्याने घटते, म्हणून शिळ्या पावाच्या कवचाचा रंग तसाच राहूनही वास निघून गेलेला असतो.

एकाच पिठाचा, एकाच भट्टीत भाजलेला पाव बाहेर तपकिरी आणि आत पांढरा का राहतो, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उकडलेले अन्न फिके का राहते हेही कळते. ५०० ग्रॅम पीठ, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि थोडे यीस्ट यांचा सुमारे ८४० ग्रॅमचा गोळा २२५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ३५ मिनिटे ठेवला, आणि भाजून होईपर्यंत त्यातले ९० ग्रॅम पाणी उडाले, असे समजू. सगळा गोळा २५ अंशांवरून ९७ अंशांपर्यंत तापवायला सुमारे १६० किलोजूल उष्णता लागते. ते ९० ग्रॅम पाणी वाफेत बदलायला मात्र सुमारे २०० किलोजूल लागतात. म्हणजे भट्टीने दिलेल्या उष्णतेचा मोठा वाटा तापमान वाढवण्यात नव्हे, तर बाष्पीभवनात खर्च होतो. जिथे पाणी शिल्लक आहे तिथले तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहते. पृष्ठभागाजवळचा काही मिलिमीटरचा थर कोरडा पडतो, तेव्हा तिथे उष्णता खाणारे पाणी उरत नाही, आणि तापमान १५० अंशांपलीकडे चढते. बाष्पीभवनाची सीमा हळूहळू आत सरकते, तिच्या बाहेर कवच असते आणि आत गर. गराच्या मध्यभागी शेवटपर्यंत ९५ ते ९९ अंशच असतात.

ढोबळ मानाने दर १० अंशांमागे अभिक्रियेचा वेग दोन ते तीन पट होतो. या हिशेबाने १०० अंशांवर जे घडायला एक तास लागेल, ते १५० अंशांवर सुमारे ३० ते २४० पट वेगाने घडते. म्हणून पाण्यात उकडलेले मांस तासाभरानंतरही करडे दिसते आणि तापलेल्या तव्यावर त्याचा पृष्ठभाग काही मिनिटांत तपकिरी होतो. अभिक्रिया १०० अंशांखाली बंदच असते, असे मात्र नाही. दुधाची भुकटी साध्या तापमानातही महिनोन्‌महिने ठेवल्यास पिवळट होते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाची भुकटी करताना त्यातील ग्लुकोज आधी काढून टाकतात, तेही साठवणीत ती तपकिरी पडू नये म्हणूनच. उकळताना वेळ अपुरा पडतो, इतकेच.

पाणी आणखी दोन प्रकारे आड येते. त्याने रेणू विरळ होतात, आणि पहिल्या टप्प्यात पाणीच बाहेर पडत असल्याने भोवती पाणी भरपूर असले तर तो टप्पा मागे रेटला जातो. उलट पदार्थ अगदी कोरडा झाला तर रेणूंना हालचाल करता येत नाही. त्यामुळे अभिक्रियेचा वेग मध्यम ओलाव्यात, साधारणपणे ०·६ ते ०·८ जल-सक्रियतेच्या पट्ट्यात, सर्वाधिक असतो; जल-सक्रियता म्हणजे पदार्थातील मोकळ्या पाण्याचे माप. कवच सुकत असताना ते या पट्ट्यातून जाते. १२० अंशांपर्यंत चढणाऱ्या प्रेशर कुकरमध्ये तापमान वाढते खरे, पण पाणी तिथेच राहते. म्हणून कुकरातील पदार्थ साध्या उकळण्यापेक्षा थोडा गडद होतो, तरी त्याला भाजल्याचा स्वाद येत नाही. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर रंग लवकर चढतो, कारण अल्कधर्मी माध्यमात ॲमिनो गट अधिक क्रियाशील असतात. प्रेट्झेल हा पावाचा प्रकार भाजण्यापूर्वी सौम्य कॉस्टिक सोड्यात बुडवण्यामागेही हेच कारण आहे.

भट्टीत पाव बिघडतो तेव्हा दोष बहुधा शर्करेच्या किंवा वाफेच्या हिशेबात असतो. पिठात मोकळी शर्करा जेमतेम एक-दोन टक्के असते. पीठ आंबत असताना अमायलेझ एंझाइमे स्टार्चमधून माल्टोज सोडतात आणि यीस्ट शर्करा खात राहते. पीठ गरजेपेक्षा जास्त वेळ आंबले की यीस्टने बहुतेक शर्करा संपवलेली असते. असा पाव पूर्ण वेळ भाजूनही फिकट, करडसर राहतो, आणि जास्त वेळ ठेवला तर कवच रंग न चढता जाड व टणक होते. हीच लक्षणे अमायलेझ कमी असलेल्या पिठातही दिसतात; तिथे थोडे माल्टचे पीठ घालणे उपयोगी पडते. साधी साखर क्षपणक नसली तरी यीस्ट तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते, म्हणून तिचाही उपयोग होतो. उलट गोड किंवा कमी आंबलेले पीठ लवकर गडद होते, आणि रंगावरून पाव झाला असे वाटून तो काढला तर आत कच्चा निघतो. सुरुवातीची काही मिनिटे भट्टीत सोडलेली वाफ कवच लवचिक व चकचकीत ठेवते. ती पुढे बाहेर जाऊ दिली नाही, तर पृष्ठभाग सुकत नाही आणि कवच फिकट व चिवट राहते.

मेलॅनॉइडिनांची रचना बव्हंशी प्रयोगशाळेतील साध्या मिश्रणांवरून अनुमानलेली आहे. पोषणाच्या दृष्टीने निश्चित तोटा म्हणजे लायसीन या आवश्यक ॲमिनो अम्लाचा. त्याचा मोकळा ॲमिनो गट शर्करेशी जोडला गेला की ते शरीराला उपलब्ध राहत नाही. २००२ मध्ये स्वीडनच्या अन्नविषयक यंत्रणेने व स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक बाब जाहीर केली : भाजलेल्या व तळलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड आढळते. ॲस्परॅजीन हे ॲमिनो अम्ल क्षपणक शर्करेबरोबर सुमारे १२० अंशांपेक्षा अधिक तापले की ते तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. आहारातील प्रमाणाने माणसाला होणारा धोका मात्र अभ्यासांतून सुसंगतपणे सिद्ध झालेला नाही. त्याची निर्मिती रोखण्यासाठी काही उद्योगांत भाजण्यापूर्वी पिठात ॲस्परॅजिनेझ एंझाइम मिसळतात; ते केवळ ॲस्परॅजीनच फोडते, त्यामुळे बाकीच्या ॲमिनो अम्लांपासून येणारा रंग व वास जवळजवळ तसाच राहतो. घरगुती भट्टीत कवच सोनेरी तांबूस झाल्यावर थांबणे आणि काळपट होऊ न देणे, हाच व्यवहार्य उपाय आहे.