फायब्रॉइड आणि ॲडिनोमायोसिस : रक्तस्राव व तपासणीतील भेद

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूपासून तयार होणारी, कर्करोगाची नसलेली घट्ट गाठ. ॲडिनोमायोसिस या विकारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातील ग्रंथी व त्यांभोवतीचे ऊतक स्नायूच्या थरात आढळते आणि तेथील स्नायू जाड होतो. दोन्हींत पाळीच्या वेळी अंगावरून जास्त जाते, दोन्हींत गर्भाशय मोठे होते आणि दोन्हींचा त्रास बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान जाणवतो. त्यामुळे त्यांची गल्लत वारंवार होते. सोनोग्राफीच्या अहवालातील ‘बल्की युटेरस’ ही नोंद दोन्हींना सारखीच लागू पडते. तिला निदान समजून उपचार ठरवणे चुकीचे आहे.

भेदाचे मूळ रचनेत आहे. प्रत्येक फायब्रॉइड एकाच स्नायुपेशीपासून वाढते, आजूबाजूच्या स्नायूला बाजूला रेटते आणि त्या दबलेल्या स्नायूचे एक आवरण तिच्याभोवती तयार होते. म्हणून तिची कडा हाताला आणि सोनोग्राफीत स्पष्ट कळते, आणि शस्त्रक्रियेत ती आवरणातून सोडवून काढता येते. ॲडिनोमायोसिसला अशी कडा नसते. रोगट भाग निरोगी स्नायूत मिसळत जातो. तो एका ठिकाणी एकवटला तर त्याला ॲडिनोमायोमा म्हणतात, पण तेथेही सोडवून काढण्याजोगे आवरण सापडत नाही.

उगमाविषयीचा वाद : ॲडिनोमायोसिसच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय बहुतेक ग्रंथ व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फोन रोकिटान्स्की यांच्या १८६० च्या लेखनाला देतात. त्यांनी वर्णिलेला विकार आजच्या अर्थाने ॲडिनोमायोसिसच होता का, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. स्नायूतल्या या ग्रंथी कोठून येतात, यावर खरा वाद पेटला तो १९ व्या शतकाच्या अखेरीस. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १८९६ मध्ये असे मत मांडले की, यांतील बहुतेक ग्रंथी भ्रूणावस्थेतील मूत्रजनन नलिकांच्या अवशेषांपासून येतात. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील टॉमस कलन यांनी गर्भाशयाचे एकामागून एक काप तपासले आणि स्नायूतल्या ग्रंथी अस्तरापर्यंत अखंड जोडलेल्या असल्याचे अनेक नमुन्यांत दाखवले. त्यांचा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ॲडिनोमायोसिस’ हे नाव मात्र व्हिएन्नाच्या ओस्कार फ्रांकल यांनी १९२५ मध्ये रूढ केले.

अस्तर स्नायूत खाली उतरते, हे कलन यांचे मत आजही अधिक ग्राह्य मानले जाते. प्रसूती, गर्भाशयाची साफसफाई किंवा सीझर यांमुळे अस्तर व स्नायू यांच्यामधील सीमा दुखावते आणि तेथून ग्रंथी आत शिरतात, ही त्याचीच पुढची मांडणी आहे. पण कधीही गरोदर न राहिलेल्या स्त्रियांतही हा विकार आढळतो. म्हणून स्नायूतील मूळ पेशींचेच अस्तरासारखे रूपांतर होते, हे दुसरे मतही टिकून आहे. स्नायूच्या बाहेरच्या भागात, अस्तरापासून दूर असलेल्या केंद्रांचा उलगडा या दुसऱ्या मताने अधिक सहज होतो. सर्व रुग्णांना एकच उपपत्ती लागू पडावी, हा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही.

विकार किती आढळतो, हे तो किती बारकाईने शोधला यावर अवलंबून असते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्ड व सहकाऱ्यांच्या पाहणीत, काढलेल्या गर्भाशयांचे नेहमीचे तीन काप पाहिले तेव्हा तो सुमारे ३१ टक्क्यांत दिसला. प्रत्येक गर्भाशयाचे आणखी सहा काप पाहिल्यावर हे प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवर गेले. म्हणून वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना जपावे लागते.

रक्तस्रावातील बदल : एका पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरची जी मर्यादा पुस्तकांत आढळते, ती स्वीडनमधील हालबर्ग व सहकाऱ्यांच्या १९६६ च्या पाहणीतून आली. त्यापुढे रक्तक्षय होण्याची शक्यता ठळकपणे वाढते. प्रत्यक्षात कोणी रक्त मोजत नाही. पॅड तासा-दोन तासांत भिजणे, रात्री उठून बदलावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे आणि पाळी ८ दिवसांहून जास्त चालणे, या खुणा विचारून घ्याव्या लागतात. ‘पाळी ठीक आहे ना?’ या प्रश्नाला बहुतेक स्त्रिया ‘हो’ म्हणतात, कारण वर्षानुवर्षे जास्त जाणे हेच त्यांना नेहमीचे वाटू लागलेले असते.

फायब्रॉइडमध्ये पाळीचे चक्र सहसा बिघडत नाही. बीजांडकोशाचे काम सुरळीत असल्याने पाळी २८-३० दिवसांनीच येते. फक्त प्रमाण आणि दिवस वाढतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम लोट यावा तसे रक्त जाते. असे का होते, याची कारणे एकाहून जास्त आहेत. पोकळीत डोकावणाऱ्या गाठीमुळे अस्तराचा पृष्ठभाग वाढतो, हे जुने स्पष्टीकरण आहे, पण ते अपुरे आहे, कारण पोकळीला न भिडणाऱ्या गाठींतही पाळी जास्त जाऊ शकते. गाठीच्या दाबाने आजूबाजूच्या शिरा फुगतात, हे अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९१२ मध्ये दाखवले आणि १९७१ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांनी त्याला पुष्टी दिली. फुगलेल्या शिरा पाळीच्या वेळी पुरेशा मिटत नाहीत. अलीकडच्या संशोधनात गाठीतून पाझरणाऱ्या टीजीएफ-बीटा ३ या वृद्धिघटकाकडे लक्ष गेले आहे. तो संपूर्ण अस्तरावर परिणाम करून रक्त गोठवण्याची स्थानिक यंत्रणा दुबळी करतो असे दिसते. एकच लहान गाठ साऱ्या पाळीचे स्वरूप कसे बदलते, हे यातून समजू शकते.

गाठीच्या जागेला महत्त्व किती, यावर मतभेद आहेत. फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०११ च्या वर्गीकरणात गाठींना ० ते ८ क्रमांक आहेत. ० ते २ पोकळीत येणाऱ्या, ३ अस्तराला टेकलेली, ४ पूर्णपणे स्नायूत, ५ ते ७ बाहेरच्या बाजूला वाढणाऱ्या आणि ८ गर्भाशयमुखासारख्या अन्य जागी असलेल्या. पोकळीतील गाठी सर्वाधिक रक्तस्राव करतात हे पाठ्यपुस्तकांचे मत आहे. २००३ मधील एका अमेरिकी पाहणीत मात्र जागेपेक्षा आकाराचा संबंध जास्त दिसला. उपचारांच्या दृष्टीने जागेचा विचार सोडता येत नाही, कारण पोकळीतील गाठ काढल्यावर पाळी सुधारलेली बहुधा दिसते. ६ किंवा ७ क्रमांकाच्या लहान गाठीवर मात्र जास्त रक्तस्रावाचा ठपका ठेवण्यापूर्वी दुसरे कारण शोधावे.

दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे हे फायब्रॉइडचे सर्वसाधारण लक्षण नव्हे. देठाने लोंबणारी गाठ गर्भाशयमुखातून खाली उतरली आणि तिचा पृष्ठभाग सोलवटला, तर मधेच रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव आणि कळा येतात. तशी गाठ आतून पाहताना दिसते. ती नसेल तर, विशेषतः चाळिशीनंतर, अस्तराचा नमुना तपासल्याशिवाय गाठीवर बोट ठेवू नये. रजोनिवृत्तीनंतर फायब्रॉइड आकसते. त्या वयात नव्याने रक्त दिसले तर ते ‘जुन्या गाठीमुळे’ असे मानणे धोक्याचे आहे.

ॲडिनोमायोसिसमध्येही पाळी जास्त जाते, पण त्याच्या जोडीला वेदना असते. ती पाळीच्या काही दिवस आधी सुरू होते, पाळीत तीव्र होते आणि वर्षागणिक वाढत जाते. फायब्रॉइडमध्ये तक्रार बहुधा जडपणाची, वारंवार लघवीची किंवा मलावरोधाची असते. गाठीला पीळ पडला किंवा तिच्या आतील ऊतक मरू लागले, तरच अचानक तीव्र दुखते. ॲडिनोमायोसिसच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना मात्र काहीच त्रास नसतो.

हाताने तपासणी : मूत्राशय रिकामे करून घेऊन, एक हात पोटावर आणि दुसऱ्या हाताची बोटे योनिमार्गात ठेवून गर्भाशय चाचपतात. फायब्रॉइडचे गर्भाशय घट्ट, उंचसखल आणि सहसा न दुखणारे असते. ते बेंबीपर्यंतही वाढू शकते. ॲडिनोमायोसिसचे गर्भाशय सर्व बाजूंनी सारखे वाढलेले, गोलसर, मऊसर आणि दाबल्यावर दुखणारे असते. ते १२ आठवड्यांच्या गर्भाएवढ्या आकारापुढे क्वचितच जाते. दुखरेपणा पाळीच्या आसपास जास्त असतो. पाळी संपल्यावर आठवड्याने तपासले तर तो हाती न लागण्याची शक्यता असते, म्हणून शंका असल्यास पाळीपूर्वी पुन्हा तपासावे. गर्भाशय हलत नसेल तर शेजारी एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाबाहेर वाढलेले अस्तरासारखे ऊतक, असण्याचा विचार करावा, कारण निव्वळ ॲडिनोमायोसिसमध्ये ते हलते राहते.

हातही फसतात. मध्यभागी एकच गाठ असेल तर गर्भाशय सारखे वाढल्यासारखे वाटते, ऱ्हास पावलेली गाठ मऊ लागते आणि ॲडिनोमायोमा फायब्रॉइडसारखा लागतो. मऊ, गोल, वाढलेले गर्भाशय गरोदरपणाचेही असते, म्हणून वय कितीही असले तरी आधी लघवीची गर्भचाचणी करतात.

उदाहरणादाखल एक नेहमी आढळणारे चित्र पाहू. ४२ वर्षांच्या स्त्रीची पाळी नियमित आहे, पण दोन वर्षांत ५ दिवसांची ९ दिवसांवर गेली आहे. गुठळ्या पडतात, पाळीपूर्वी चार दिवस ओटीपोट दुखू लागते, आणि हिमोग्लोबिन ७.८ आहे. सोनोग्राफीत ‘३.५ सेंटिमीटरचे, बाहेरच्या बाजूचे फायब्रॉइड’ लिहिलेले आहे आणि तिला गाठ काढायला सांगितले आहे. तपासणीत गर्भाशय १० आठवड्यांएवढे, गोल आणि दुखरे लागते. वरच्या टोकाला एक घट्ट उंचवटा आहे, पण तो दाबल्यावर दुखत नाही. म्हणजे गाठ आहे, पण वेदना तिच्यात नाही, आणि बाहेरच्या बाजूच्या एवढ्या लहान गाठीने इतका रक्तस्राव पटत नाही. योनिमार्गाने पुन्हा सोनोग्राफी केल्यावर मागची भिंत पुढच्या भिंतीहून जाड, तिच्यात बारीक द्रवपुटिका आणि पंख्यासारख्या सावल्या दिसतात. फायब्रॉइडच्या भोवती रक्तवाहिन्यांचे कडे दिसते, तर जाड भिंतीत त्या आरपार जाताना दिसतात. दोन्ही विकार एकत्र आहेत आणि त्रास मुख्यतः ॲडिनोमायोसिसचा आहे. केवळ गाठ काढली असती तर पाळी जवळपास तशीच राहिली असती. अशा वेळी अस्तराचा नमुना निर्दोष आल्यावर लोह देऊन लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारी तांबी बसवणे हा वाजवी पहिला उपाय ठरतो.

सोनोग्राफीनेही उलगडा झाला नाही तर एमआरआय करतात. अस्तराला लागून असलेला स्नायूचा गडद पट्टा १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर ॲडिनोमायोसिसचे निदान बळावते. हा पट्टा पाळीच्या दिवसांत आणि गर्भाशय आकुंचन पावताना तात्पुरता जाड दिसतो, त्यामुळे त्या दिवसांतील एमआरआयवर विसंबत नाहीत.