ऑनलाइन परीक्षेतील कॅमेरा, स्क्रीन शेअर आणि पर्यवेक्षकाला दिसणारे चित्र

घरी बसून दिलेल्या परीक्षेवर दूर बसलेला पर्यवेक्षक कॅमेरा, मायक्रोफोन आणि संगणकाच्या शेअर केलेल्या स्क्रीनमधून लक्ष ठेवतो, ती पर्यवेक्षित ऑनलाइन परीक्षा. कंपनी सचिव अभ्यासक्रमाची CSEET ही प्रवेश परीक्षा 2020 मध्ये अशीच घरून घेतली गेली, आणि पुढे अनेक प्रमाणपत्र परीक्षांनी हीच वाट धरली. काही परीक्षांत फोन खोलीबाहेरच ठेवावा लागतो, तर काहींत तोच दुसरा कॅमेरा म्हणून बाजूला उभा करायला सांगतात. या नोंदीत दुसरा प्रकार घेतला आहे: समोर लॅपटॉपचा कॅमेरा, बाजूला फोन, आणि संपूर्ण स्क्रीन शेअर.

पर्यवेक्षकासमोर सहसा एकच परीक्षार्थी नसतो. त्याच्या स्क्रीनवर अनेक लहान चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट जेमतेम तीनशे-चारशे पिक्सेल रुंद असते. 1920 पिक्सेल रुंदीची स्क्रीन तेवढ्यात आली की अक्षरे वाचता येत नाहीत. कळते ते इतकेच: माणूस जागेवर आहे की नाही, मान कुठे वळली, स्क्रीनचा रंग आणि मांडणी अचानक बदलली का. शंका आली की तो ती चौकट मोठी करतो, आणि मग मजकूर वाचता येतो. म्हणून तयारी दोन पातळ्यांवर करावी लागते. लहान चौकटीत उगाच शंका येऊ नये, आणि चौकट मोठी केल्यावर सगळे स्वच्छ दिसावे.

समोरचा कॅमेरा

साधारण 75 सेंटीमीटर उंचीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला की त्याचा कॅमेरा टेबलापासून वीस-बावीस सेंटीमीटरवर येतो, पण बसलेल्या माणसाचे डोळे चाळीस-पंचेचाळीसवर असतात. साठ सेंटीमीटर अंतरावरून हा फरक सुमारे वीस अंशांचा होतो. चेहरा खालून दिसतो, पापण्या अर्ध्या मिटल्यासारख्या वाटतात आणि मागे छताचा पंखा फिरत राहतो. अशा कोनातून परीक्षार्थी स्क्रीनकडे पाहतो आहे की मांडीवरच्या कागदाकडे, हे ठरवणे कठीण जाते. लॅपटॉपखाली दहा सेंटीमीटर जाडीची पुस्तके ठेवली तर कोन जवळजवळ निम्मा होतो. त्याहून जास्त उंचीवर टाइप करताना मनगटे दुखतात, तेव्हा वेगळा कीबोर्ड चालत नसेल तर दहावरच थांबावे. डोक्याच्या वर चार बोटे जागा, दोन्ही खांदे आणि छातीपर्यंतचा भाग चौकटीत आला की पुरे.

ओळखपत्र दाखवताना आपल्याला नाव उलटे दिसते, कारण मीटिंगच्या अॅपमध्ये स्वतःचे चित्र आरशासारखे दाखवण्याची पद्धत आहे. समोरच्याला ते बहुधा सरळच दिसते, त्यामुळे कार्ड फिरवत बसू नये. खरी अडचण लॅमिनेशनच्या चमकेची असते. कार्ड किंचित खाली झुकवले की चमक निघून जाते.

फोन कुठे उभा करावा

फोन अगदी पाठीमागे ठेवला तर डोक्याने स्क्रीन झाकली जाते. अगदी बाजूला ठेवला तर स्क्रीन कडेवरून, नुसत्या पट्टीसारखी दिसते. या दोन्हींच्या मधली, म्हणजे पाठीमागून बाजूकडे साधारण 45 अंश वळलेली जागा उपयोगी पडते. जमिनीपासून 1.2 ते 1.3 मीटर उंची आणि खुर्चीपासून तेवढेच अंतर ठेवावे. फोन आडवा असावा. 1.2 मीटरवरून आडव्या फोनच्या व्हिडिओत साधारण सव्वा ते दीड मीटर रुंदी मावते. उभ्या फोनमध्ये त्याच्या निम्मी मावते, आणि हात किंवा लॅपटॉप यांपैकी एक चौकटीबाहेर राहतो.

फोनच्या चित्रात दोन्ही हात, कीबोर्ड, लॅपटॉपची स्क्रीन, कच्च्या कामाचा कागद आणि चेहऱ्याची एक बाजू यायला हवी. स्क्रीन फार प्रखर असेल तर फोन तिच्यानुसार उजेड मोजतो. स्क्रीन पांढरीफटक दिसते आणि हात काळवंडतात. लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणला की दोन्ही नीट दिसतात.

परीक्षा चालू असताना फोनवर कॉल आला तर कॅमेरा थांबतो. म्हणून आधी विमान मोड चालू करावा आणि मग त्यातच वायफाय पुन्हा सुरू करावे. वायफायवरून येणारे व्हॉट्सअॅप कॉल यानेही थांबत नाहीत, त्यासाठी ‘Do Not Disturb’ वेगळे लावावे लागते. फोन सुरुवातीपासून चार्जरला जोडलेला असावा, कव्हर काढलेले असावे आणि स्क्रीनचा उजेड सर्वांत कमी. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात तीन तासांच्या व्हिडिओने फोन इतका तापतो की कॅमेरा स्वतःहून बंद पडू शकतो. आवाज फक्त लॅपटॉपवरून जोडावा. एकाच खोलीत दोन माइक आणि दोन स्पीकर चालू राहिले तर कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. फोनचा माइक बंद आणि आवाज शून्यावर, दोन्ही करावे.

स्क्रीन शेअर

क्रोममध्ये शेअर करताना टॅब, खिडकी की संपूर्ण स्क्रीन, असे तीन पर्याय येतात. परीक्षेला ‘Entire Screen’ लागते. चुकून टॅब निवडला तर ते लपत नाही, कारण नेमके काय शेअर झाले हे ब्राउझर परीक्षेच्या पानाला कळवतो. त्यावर बरीच पाने पुढे जाऊच देत नाहीत. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर शेअर एकाच स्क्रीनचे होते. त्यामुळे तो नुसता बंद करून चालत नाही, वायरच काढावी लागते.

मॅकवर ब्राउझरला स्क्रीन नोंदवण्याची परवानगी नसेल तर काही वेळा पर्यवेक्षकाला फक्त वॉलपेपर दिसते, एकही खिडकी दिसत नाही. परीक्षार्थीच्या बाजूने मात्र सगळे ठीक वाटते. ‘Privacy & Security’ मध्ये परवानगी दिल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो, आणि परीक्षेच्या पाच मिनिटे आधी हे लक्षात आले की धांदल उडते. हे आदल्या दिवशीच उरकावे.

शेअर सुरू झाल्यावर स्क्रीनवर एक छोटी पट्टी येते. तिच्यावर ‘Stop sharing’ आणि ‘Hide’ शेजारी शेजारी असतात. पट्टी प्रश्नावर आली म्हणून घाईत पहिले दाबले की शेअर तुटते आणि नोंदीत वेळेसह खंड पडतो. ‘Hide’ने फक्त पट्टी जाते.

पर्यवेक्षकाला काय दिसते, काय नाही

संपूर्ण स्क्रीन शेअर असताना खालची पट्टी, उघड्या टॅबची नावे, बुकमार्क, पासवर्ड भरण्याच्या सूचना आणि कोपऱ्यात उमटणारे संदेश, हे सगळे दिसते. त्यासाठी परीक्षेपुरती वेगळी क्रोम प्रोफाइल करणे हा सर्वांत साधा उपाय. तिच्यात जुने बुकमार्क नसतात आणि खातीही जोडलेली नसतात.

साध्या मीटिंगमधून पर्यवेक्षकाला न उघडलेल्या फायली, ब्राउझरचा इतिहास किंवा घरातल्या वायफायवरची इतर उपकरणे दिसत नाहीत. तो माइक बंद करू शकतो, पण परीक्षार्थीच्या संमतीशिवाय चालू करू शकत नाही. संगणकाचा ताबाही मागून, परवानगी मिळाल्यावरच घेता येतो. परीक्षेचे पान मात्र एक गोष्ट जाणते: टॅब सोडला गेला किंवा खिडकीवरचा फोकस गेला. कुठे गेला, ते त्याला कळत नाही. अपडेटची सूचना वर आली किंवा चुकून विंडोज बटण दाबले गेले, तरी नोंद तीच होते. असे झाले की लगेच चॅटमध्ये एका ओळीत कारण लिहावे. पर्यवेक्षक नंतर नोंद तपासतो तेव्हा दोन्ही वेळा जुळलेल्या सापडतात.

एक्स्टेंशन किंवा सुरक्षित ब्राउझर बसवायला लावणाऱ्या परीक्षांचा आवाका याहून मोठा असतो. सुरक्षित ब्राउझर चालू असलेले इतर प्रोग्राम पाहू शकतो आणि ते बंद करायला लावतो. एक्स्टेंशन बसवताना येणारी परवानग्यांची यादी म्हणूनच वाचावी.

एका खोलीची मांडणी

गोव्यात डिचोलीतल्या कौलारू घरातली तीन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब खोली घेऊ. जून महिना, पेपर दुपारी दोन ते पाच. टेबल पश्चिमेच्या खिडकीला पाठ येईल असे आहे. आभाळ भरलेले असले तरी खिडकी चेहऱ्यापेक्षा उजळच असते. कॅमेरा तिच्यानुसार उजेड कमी करतो आणि चेहरा काळी सावली होऊन बसतो. टेबल फिरवून खिडकी समोर घेतली की चेहरा उजळतो. चारनंतर ऊन पडलेच तर पातळ पडदा पुरेसा आहे. आता पाठीमागे दार आणि आरशाचे लोखंडी कपाट येते. दार चौकटीत दिसणे चांगलेच, कारण आत कोणी आले नाही हे त्यातून सिद्ध होते. आरशात मात्र लॅपटॉपची स्क्रीन आणि फोनसमोरची हालचाल दुहेरी दिसते, म्हणून त्यावर चादर टाकायची. फोन उजव्या मागच्या बाजूला भिंतीच्या फळीवर, 1.25 मीटर उंचीवर बसतो.

पावसाची सर कौलांवर आली की माइकमध्ये सलग घोंगाट भरतो आणि पर्यवेक्षकाला बोलणे वेगळे ऐकू येत नाही. सुरुवातीलाच चॅटमध्ये ‘कौलारू घर आहे, पावसाचा आवाज येईल’ असे कळवलेले बरे. तीच गोष्ट दारात पाव विकायला येणाऱ्या पोदेराच्या हॉर्नची. आवाज आला म्हणून दाराकडे मान वळवली की चौकटीत दिसते ती फक्त वळलेली मान.

पावसाळ्यात लाईट जाणे गृहीतच धरावे. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा बंद पडला की दोन्ही कॅमेरे आणि शेअर एकदम तुटतात. इन्व्हर्टरवर दोन्ही डबे हवेत. अनेक घरांत फक्त राउटर जोडलेला असतो आणि फायबरचा डबा दुसऱ्या प्लगवर राहून जातो. चार्जिंगचा दिवा लॅपटॉपच्या मागे, चेहऱ्याकडे तोंड करून तयार असावा.

आदल्या दिवशी याची तालीम करावी. लॅपटॉप आणि फोन, दोन्ही एका मीटिंगमध्ये जोडून पूर्ण स्क्रीन शेअर करावी, आणि घरातल्या कोणीतरी दुसऱ्या खोलीतून तिसऱ्या उपकरणावर ती पाहावी. एकदा चौकटी लहान ठेवून, एकदा मोठ्या करून. बघणाऱ्याला तीनच प्रश्न विचारावे: दोन्ही हात दिसतात का, डोळे कुठे आहेत ते कळते का, आणि स्क्रीनवरची अक्षरे वाचता येतात का. ही जोडणी अर्धा तास तशीच चालू ठेवावी, म्हणजे फोन तापतो का आणि व्हिडिओ मध्येच गोठतो का, तेही समजते.

पेपर जमा झाल्यावर ‘सबमिट झाले’ असा संदेश आणि पर्यवेक्षकाची परवानगी मिळेपर्यंत जागेवरून उठू नये. मग आधी स्क्रीन शेअर थांबवावे, त्यानंतर लॅपटॉप आणि फोन दोन्हीवरून मीटिंग सोडावी. बसवलेले एक्स्टेंशन काढावे, त्या संकेतस्थळाची कॅमेऱ्याची परवानगी रद्द करावी आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारचा दिवा विझला का ते पाहावे. तो जळत असेल तर एखादा टॅब किंवा अॅप अजून कॅमेरा वापरत आहे.