उन्हाने बॅटरी पेटते का?

"नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात ई-स्कूटर ठेवली की बॅटरी आपोआप पेट घेते."

उन्हाने बॅटरीचं आयुष्य घटतं हे खरं, पण धडधाकट सेल पेटायला एवढं तापमान पुरत नाही. सेलच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये केसाहून पातळ सच्छिद्र पडदा असतो, तो सेपरेटर. पॉलिइथिलीनचा पडदा साधारण १३० अंशांना वितळतो. आधी छिद्रं बुजून प्रवाह थांबतो. पण तापमान चढतच राहिलं तर पडदा आकसतो, इलेक्ट्रोड भिडतात आणि मग उष्णताच उष्णता वाढवत सुटते. म्हणून काही सेलांत पडद्यावर सिरॅमिकचा थर देतात.

इतकी उष्णता बहुधा आतूनच येते: ठेचलेला सेल, जादा चार्जिंग किंवा आत राहिलेला धातूचा कण. गाडी चार्जर न लावता रात्रभर घराबाहेर ठेवून बघा. सकाळीही बॅटरी गरम लागली किंवा फुगलेली दिसली, तर चार्ज करू नका. दोष उन्हाचा नाही.